जिनिंगच्या गेटवरचा डबा आणि ०.३६३

नोव्हेंबरातल्या एका सकाळी साडेआठला मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, तुमच्या डब्ब्यानं तं एका कास्तकाराले हजर करून टाकलं!"

झालं असं होतं की कापसाची गाडी काट्यावर लावून एक शेतकरी चहा प्यायला निघाला होता. गेटजवळ मी बसवलेल्या, चेहरा पाहून हजेरी लावणाऱ्या डब्याच्या कॅमेऱ्यात त्यानं गंमत म्हणून डोकावलं आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आमच्या एका हमालाचं नाव उमटलं. त्या हमालाचा त्या दिवशी खाडा होता. मुनीमजी शेजारीच बसले होते म्हणून कळलं, नाहीतर गड्याला घरबसल्या रोजी लागली असती.

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावात माझं सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिनिंगवाल्या शेठनी मला बोलावलं ते अंगठ्याच्या मशीनला कंटाळून. सीझनला तिथं ६३ माणसं असतात. रेच्यावरचे, गठाणी उचलणारे, सरकीकडचे. कापूस वेचून आणि गठाणी ओढून बोटं घासलेली, त्यात थंडीत भेगा पडलेल्या. मशीन पाच-पाच वेळा अंगठा मागायचं आणि शेवटी मुनीमजी वहीतच लिहायचे. म्हटलं, चेहऱ्यावर करून पाहू.

सामान साधंच होतं. चार जीबीचा रास्पबेरी पाय ४, एक यूएसबी कॅमेरा, सात इंची स्क्रीन, नंबर दाबायला छोटा कीपॅड. चेहरा शोधायला ओपनसीव्ही या फुकट मिळणाऱ्या लायब्ररीतलं युनेट आणि ओळखायला त्याच्यातलंच एसफेस. इंटरनेट लागत नाही, सगळं डब्यातच होतं, आणि एका चेहऱ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नसतं. लाइट गेली आणि नेटही नसलं की तो जुन्याच वेळेपासून पुढं मोजायला लागतो, म्हणून डीएस३२३१ हे बॅटरीवालं घड्याळ पहिल्याच दिवशी जोडलं. हजेरीच्या यंत्राची वेळच चुकली तर बाकी सगळं वाया.

एसफेस प्रत्येक चेहऱ्याचे १२८ आकडे करून देतं. याला एम्बेडिंग म्हणतात. दोन चेहऱ्यांच्या आकड्यांची तुलना केली की एक गुण मिळतो. तो १ च्या जितका जवळ तितकी दोन्ही माणसं एकच असण्याची शक्यता जास्त. मी प्रत्येकाचे तीन दिवसांत मिळून पाच फोटो घेतले, त्या पाचांची सरासरी काढून एकच एम्बेडिंग ठेवलं, आणि सकाळी समोर येणाऱ्या चेहऱ्याशी ६३ जणांची तुलना करून सगळ्यात जास्त गुणवाला निवडला. तो गुण ठरवलेल्या उंबऱ्याच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर असला की हजर. थ्रेशोल्ड कुठून आणला? ओपनसीव्हीच्या कागदपत्रांत ०.३६३ दिलाय, तोच टाकला. चूक तिथं होती, आणि मजा अशी की पहिल्या आठवड्यात ती दिसलीच नाही.

दिसली नाही, कारण समोरचा माणूस खरोखर आमच्या यादीतला असेल तर त्याचा स्वतःचा गुण बहुतेक वेळा इतरांपेक्षा जास्तच येतो. नाव बरोबर लागतं आणि थ्रेशोल्डचा कस लागतच नाही. कस लागतो यादीत नसलेला माणूस समोर आला की. मग तो आपल्या ६३ जणांपैकी कुणाशी तरी थोडाफार जुळतोच, आणि उंबरा खाली असला की आत येतो.

०.३६३ हा आकडा खोटा नाही. तो एलएफडब्ल्यू नावाच्या फोटोंच्या संचावर काढलेला आहे. त्यात बहुतेक बातम्यांतल्या लोकांचे फोटो आहेत आणि परीक्षा जोड्यांची आहे : ३,००० जोड्या एकाच माणसाच्या, ३,००० वेगवेगळ्या माणसांच्या. ज्या आकड्यावर एकूण चुका सगळ्यात कमी, तो थ्रेशोल्ड. तिथं प्रश्न एका जोडीपुरता असतो. आमच्या गेटवर एका चेहऱ्यामागं ६३ जोड्या तपासल्या जातात, म्हणजे चूक व्हायच्या ६३ संधी.

मग ठरवलं की आपल्या गेटवर आपल्याच माणसांचं मोजायचं. सहा दिवस डबा नुसता फोटो घेत राहिला आणि हजेरी मुनीमजींनी वहीत लिहिली. वही म्हणजे खरं उत्तर. सहा दिवसांचे ३४१ चेहरे मिळाले. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या एम्बेडिंगशी केली, ते झाले खरे गुण. बाकी ६२ जणांशी केली, ते झाले परक्याचे गुण. ३४१ गुणिले ६२, म्हणजे २१,१४२ परक्या तुलना. हे करायला दोन ओळी पुरतात :

```python
q = q.ravel() / np.linalg.norm(q)
scores = T @ q   # T: ६३ ओळी, प्रत्येक ओळ लांबी १ ची
```

०.३६३ च्या वर परक्यांपैकी १६९ आले. शेकडा ०.८, ऐकायला किरकोळ. पण अनोळखी माणूस ६३ जणांशी ताडला जातो. एकाही जोडीत चूक न होण्याची शक्यता ०.९९२ चा ६३ वा घात, म्हणजे साधारण ०.६०. दर शंभर अनोळखी लोकांतले चाळीसेक कुणाच्या ना कुणाच्या नावावर हजर होणार. कास्तकाराचं कोडं सुटलं. हिशेब ढोबळ आहे, कारण काही चेहरे सगळ्यांशीच जरा जास्त जुळतात आणि काही कुणाशीच नाही, पण अंदाज यायला एवढा पुरे होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१९ च्या अहवालात दाखवलंय की चुकीच्या जुळणीचं प्रमाण माणूस कुठल्या देशातला, बाई की पुरुष, वय किती यावर बदलतं, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. दुसऱ्याच्या संचावरचा आकडा आपल्या गेटवर तसाच चालेल असं धरायला मुळात आधारच नव्हता.

थ्रेशोल्ड ०.५० केला. परक्यांचे १६९ चे १४ झाले. ते १४ फोटो मी एकेक उघडून पाहिले आणि हसू आलं. त्यातले नऊ दोन सख्ख्या बहिणींचे होते. दोघी सरकीकडं कामाला, धाकटी थोरलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मीसुद्धा धाकटीला थोरलीच्या नावानं हाक मारली होती, तेव्हा यंत्राला काय बोलणार? बहिणी सोडून पाच उरले. २१,१४२ मध्ये पाच धरले तर अनोळखी माणूस आत येण्याची शक्यता शेकडा दीडवर आली.

पण दुसरी बाजू बिघडली. ३४१ खऱ्या माणसांपैकी ३१ जणांना डब्यानं ओळखलं नाही. रांगेत उभी असलेली एक मावशी म्हणाली, "अंगठा तं उमटतच नव्हता, आता तोंडही उमटत नाही काय माह्यं?"

इथं थ्रेशोल्ड परत खाली आणायचा मोह होतो. मी आणला नाही, आधी ते ३१ फोटो पाहिले. २२ मध्ये चेहरा काळा आणि मागं लख्ख उजेड. आमचं गेट पूर्वेला आहे. आठची पाळी, नोव्हेंबरातलं खालून येणारं ऊन, आणि माणसं सूर्य पाठीशी घेऊन आत येणारी. कॅमेरा मागच्या उजेडाला धरून चेहरा अंधारा करत होता. बाकीच्यांत तोंडावर बांधलेला दुपट्टा, आणि दोन-तीन तर नुसतेच धूसर. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेवर रुईचा भुरका बसला होता.

म्हणून कॅमेरा गेटच्या आतल्या भिंतीवर उत्तरेकडं तोंड करून फिरवला, वर एक पांढरी एलईडी पट्टी लावली, आणि काच पुसायचं काम चौकीदाराला दिलं, रोज गेट उघडताना. फोटो नवीन जागेवर परत घेतले, कारण जुने जुन्या उजेडातले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच ०.५० वर ३३६ पैकी ८ नाकारले गेले. थ्रेशोल्डला हातही न लावता ३१ चे ८.

त्या आठांचं काय करायचं, हे मला मुनीमजींशी बोलताना सुचलं. ते म्हणाले, "मी नाही ओळखलं तं मी इचारतो ना, तुया नंबर काय?" बरोबर. माणसानं कीपॅडवर आपला हजेरी क्रमांक दाबला की प्रश्नच बदलतो. "हा ६३ पैकी कोण?" याच्या जागी "हा १७ नंबरच आहे का?" एवढंच उरतं. तुलना एकच, त्यामुळं तिथं ०.४० चा थ्रेशोल्ड चालतो. ०.४० च्या वर परक्यांचे ८५ गुण होते, म्हणजे दुसऱ्याचा नंबर दाबून घुसणाऱ्याला अडीचशेत एकदा यश. मुनीमजींसमोर ते कुणी करून पाहणार नाही. आठांतले सहा नंबर दाबून आत गेले, दोघांचं नाव वहीत.

वही ठेवायचीच, हे मी शेठला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं. परका हजर झाला तर शेठची एक रोजी जाते. खरा माणूस नाकारला गेला आणि वही नसली तर त्याची रोजी जाते, आणि भांडायला त्याच्याकडं काही नसतं. वही असली की नकाराची किंमत अर्ध्या मिनिटावर येते. थ्रेशोल्ड कडक ठेवायची हिंमत मला वहीमुळं झाली.

बहिणींसाठी आणखी एक नियम लागला : पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या गुणांत किमान ०.०५ चं अंतर हवं. धाकटीचा स्वतःचा गुण ०.५८ आणि थोरलीच्या नावावर ०.५५ आला, तर दोन्ही ०.५० च्या वर असूनही डबा नाव लावत नाही. पण नंबर दाबण्याचा उपाय या दोघींना लागू नाही. एकीनं दुसरीचा नंबर दाबला तर ०.४० सहज ओलांडेल. त्यामुळं अंतर कमी पडलं की या दोन नंबरांसाठी डबा सरळ "मुनीमजींना विचारा" असं दाखवतो. बहिणींना याचं फार वाईट वाटलं नाही. उलट, "आमाले पाहून मशीनही चकते," असं सगळ्यांना सांगत फिरतात.

मोबाइलमधला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला तर? एका पोरानं धरलाच, आणि गुण ०.६ च्या वर आला. थ्रेशोल्ड कितीही चढवून हे अडत नाही, साध्या कॅमेऱ्याला जिवंत चेहरा आणि काचेवरचा चेहरा सारखाच. गेटवर माणूस बसलेला आहे म्हणून मी हा डबा दिला, नुसत्या भिंतीवर लावायला दिला नसता.

डिसेंबरात लाइटनं दोन-तीनदा झटके दिले आणि मेमरी कार्ड बिघडलं. नवं कार्ड टाकून डबा चालू केला आणि जुनं दुकानात आणून लॅपटॉपला लावलं. फाइल सिस्टिम जराशी दुरुस्त केली आणि समोर फोल्डर उघडला : ६३ जणांचे ३१५ फोटो, फाइलला नाव आणि नंबर, शेजारी एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये सगळी एम्बेडिंगं. पासवर्ड नाही, काही नाही. उद्या कुणी गेटवरून कार्ड उपटून खिशात टाकलं, तर त्यालाही एवढंच सोपं. रात्री जेवण गेलं नाही.

फोटो उडवता येतात, पण एम्बेडिंग ठेवावंच लागतं. आणि ते नुसते १२८ आकडे आहेत, त्यातून काय कळणार, असं मीही आधी समजत होतो. तसं नाही. आकड्यांवरून ओळखू येईल असा चेहरा परत बनवणारी नेटवर्कं संशोधनात झालेली आहेत. आणि तेवढी मेहनतही लागत नाही. एसफेस कुणालाही फुकट मिळतं. कुणाच्या व्हॉट्सअॅपवरचा फोटो घ्या, त्याचं एम्बेडिंग काढा, चोरलेल्या फाइलशी ताडा, की ही बाई कुठं कामाला जाते ते कळलं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, तोंड कुठून बदलणार?

पासवर्डसारखं हॅश करून, म्हणजे मूळ मजकूर परत काढता येणार नाही असं रूप करून ठेवता येत नाही का, हा प्रश्न मला माझ्या भाच्यानं विचारला. नाही येत. पासवर्ड दर वेळी अक्षर न अक्षर तोच असतो. चेहऱ्याचे आकडे रोज थोडे हलतात, आणि हॅशमध्ये एक आकडा हलला की सगळंच बदलतं. जवळ-लांब मोजायला मूळ आकडे लागतात. म्हणून कार्डवर कुलूपबंद ठेवायचे आणि फक्त रॅममध्ये उघडायचे, हाच सोपा मार्ग. कुलूप म्हणून मी एईएस-जीसीएम ही गुप्तलेखनाची पद्धत वापरली :

```python
nonce = os.urandom(12)
blob = nonce + AESGCM(key).encrypt(
    nonce, vec.tobytes(), worker_id.encode())
```

शेवटचा `worker_id` महत्त्वाचा. तो गुपित नाही, पण कुलूप त्या नंबराला बांधलं जातं. हे का, तर फाइल न उघडताही लबाडी करता येते. दोन ओळींची अदलाबदल केली की एकाच्या तोंडावर दुसऱ्याची हजेरी. मी मुद्दाम बहिणींच्याच दोन ओळी एसक्यूलाइटमध्ये आलटून-पालटून पाहिल्या. प्रोग्रॅम `InvalidTag` म्हणून तिथंच थांबला. हे नसतं तर त्या दोघींची अदलाबदल महिनाभर कुणाच्या लक्षात आली नसती.

खरं डोकं खाल्लं ते किल्लीनं. किल्ली त्याच कार्डवर ठेवली तर कुलूप लावून चावी त्यालाच लटकवल्यासारखं. पाय ४ च्या चिपमध्ये एकदाच लिहिता येणारी २५६ बिटांची जागा असते. तिथं ठेवली तर नुसतं कार्ड नेणाऱ्याला काही मिळत नाही. पण डबाच उचलून नेला आणि त्याला रूट होता आलं, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा मिळाला, तर ती वाचता येते. शेवटी पेनड्राइव्ह. सकाळी मुनीमजी तो लावतात, प्रोग्रॅम किल्ली रॅममध्ये घेतो, आणि पेनड्राइव्ह परत त्यांच्या जुडग्यात, तिजोरीच्या चावीशेजारी. स्वॅप बंद केला, म्हणजे रॅममधलं काही कार्डवर उतरू नये. किल्लीची एक प्रत कागदावर, ६४ अक्षरं हातानं लिहून, शेठच्या तिजोरीत.

यात एक गोची होती. लाइट गेली की रॅम गेली, रॅम गेली की किल्ली गेली. पहिले तीन दिवस मुनीमजी दर झटक्याला उठून पेनड्राइव्ह लावायचे आणि मला मनातल्या मनात काय म्हणायचे ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. वायफाय राऊटरला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला, पुढं ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. पहिला कन्व्हर्टर हलका निघाला. `vcgencmd get_throttled` नं `0x50005` दाखवलं, म्हणजे व्होल्टेज आत्ताही कमी पडतंय आणि त्यापायी वेगही घटलाय. जाड तार आणि दमदार कन्व्हर्टर लावल्यावर `0x0`. मग मुनीमजी शांत.

गेटवरचे फोटो आता ठेवतच नाही. मोजणीचे फोटो काम झाल्यावर पुसले, फक्त गुणांचे आकडे ठेवले. मॉडेल बदललं तर सगळ्यांचे फोटो नव्यानं घ्यावे लागतील, कारण एका मॉडेलची एम्बेडिंगं दुसऱ्याला कळत नाहीत. तेवढा त्रास मी पत्करलाय. ते बिघडलेलं कार्ड दुकानातच पक्कडीनं मोडलं.

जानेवारीत ती तोंड न उमटणारी मावशी काम सोडून लेकीकडं निघाली. हिशेब घ्यायला आली तेव्हा मी तिथंच होतो. म्हणाली, "बापू, मायं तोंड त्या डब्ब्यातून काढून टाक. मी नसताना तिथं काहून राहावं?"

ओळ पुसणं एका सेकंदाचं काम. पण कार्डवर पुसलेलं लगेच जातंच असं नाही. आतली चिप जुना मजकूर दुसऱ्याच कुठल्या कप्प्यात ठेवून देते आणि आपल्याला तिथं पोचता येत नाही. म्हणून उलटीकडून गेलो. नवी किल्ली बनवली, बाकीच्या ६२ ओळी तिनं परत कुलूपबंद केल्या, आणि जुनी किल्ली संपवायची ठरवली. जुन्या किल्लीशिवाय कार्डच्या कोपऱ्यात राहिलेली मावशीची ओळ कुणालाच उघडणार नाही. अर्थात पेनड्राइव्हमध्येही तसलीच चिप, तिच्यावरून किल्ली पुसून भागत नव्हतं. नवीन पेनड्राइव्ह दीडशे रुपयांचा. शेठनी तिजोरीतला कागद काढून दिला, तो चहाच्या शेगडीत गेला. जुना पेनड्राइव्ह मुनीमजींनी गठाणीच्या लोखंडी पट्ट्या कापायच्या कातरीत धरला आणि दोन तुकडे केले.

मावशीनं वाकून ते तुकडे पाहिले. "एवढंसं होतं काय मायं तोंड?" म्हणाली, आणि पैसे मोजायला बसली.